गणपतीची रजा, प्रवासाचे बिल आणि मंजुरीचा मार्ग: ईआरपीमधील अर्ज नेमका कुठे अडतो

ईआरपी म्हणजे कंपनीचे हिशेब, साठा, खरेदी, उत्पादन आणि कर्मचारी यांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणारी प्रणाली. कर्मचाऱ्याने स्वतः आत जाऊन रजेचा अर्ज करणे, शिल्लक रजा पाहणे, प्रवासखर्चाचा दावा भरणे आणि पगाराची पावती काढणे, हा जो त्या प्रणालीचा भाग असतो त्याला एम्प्लॉयी सेल्फ-सर्व्हिस म्हणतात. अर्ज भरण्याचा भाग सोपा असतो आणि तो बहुतेकांना एका दिवसात जमतो. अर्ज ‘पाठवा’ म्हटल्यानंतर तो कोणाकडे जातो, तिथून पुढे कोणत्या नियमाने सरकतो आणि मधला माणूस जागेवर नसला तर त्याचे काय होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. कोकणातल्या कारखान्यांत हा प्रश्न दर भाद्रपदात ठळकपणे समोर येतो, कारण त्या आठवड्यात रजा मागणारा आणि रजा मंजूर करणारा, दोघेही एकाच वेळी घरच्या गणपतीला निघालेले असतात.

खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत असावा तसा एक मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना डोळ्यांसमोर धरू. यातली माणसे आणि रकमा समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत. 2025 सालच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. देखभाल विभागातल्या एका तंत्रज्ञाला हरतालिकेपासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत, म्हणजे मंगळवार 26 ऑगस्ट ते मंगळवार 2 सप्टेंबर, रजा हवी आहे. त्याआधी 21 आणि 22 ऑगस्टला तो एका पंपाच्या दुरुस्तीसाठी ठाण्याला जाऊन आला आहे आणि त्या खर्चाचा दावाही त्याला करायचा आहे. हे दोन अर्ज शेवटपर्यंत नेऊन पाहिले की बराचसा विषय उलगडतो.

रजेच्या अर्जात प्रणाली सर्वांत आधी दिवस मोजते. कॅलेंडरप्रमाणे हे आठ दिवस होतात. त्यात बुधवार 27 ऑगस्टला गणेश चतुर्थीची सुट्टी आहे आणि 31 ऑगस्टला रविवार, म्हणजे या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी आहे. मग रजा आठ दिवसांची धरायची की सहा दिवसांची? याचे उत्तर प्रणालीत प्रत्येक रजाप्रकारासमोर असलेल्या एका छोट्या खुणेवर ठरते: रजेच्या मध्ये येणाऱ्या सुट्ट्या रजेत धराव्यात की धरू नयेत. अनेक कंपन्यांत ‘मधली सुट्टीही रजाच’ हा नियम सवयीने चालतो आणि प्रणाली बसवताना तो सर्व रजाप्रकारांना सरसकट लावला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 नुसार कामगाराला मिळणाऱ्या वार्षिक भरपगारी रजेला मात्र तो लावता येत नव्हता. रजेच्या मध्ये किंवा तिच्या दोन्ही टोकांना आलेल्या सुट्ट्या रजेतून वगळायच्या, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते. त्यामुळे आपल्या तंत्रज्ञाची रजा सहाच दिवसांची आहे, आणि प्रणाली आठ दाखवत असेल तर दोष रजाप्रकाराच्या त्या खुणेत किंवा कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत शोधावा. यादीचा दोषही नेहमीचा आहे. मुख्य कार्यालय मुंबईत आणि कारखाना लोट्याला असला की दोन्हीकडच्या सुट्ट्या थोड्या वेगळ्या असतात, आणि नव्या कर्मचाऱ्याच्या नोंदीला चुकून मुंबईची यादी जोडली गेलेली असते.

यानंतर शिल्लक येते. त्याच कायद्याप्रमाणे एका वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा पुढच्या वर्षी मिळत असे, आणि न वापरलेली रजा 30 दिवसांपर्यंत पुढे नेता येत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आणि 240 च्या जागी 180 दिवस आले. म्हणून हा आकडा प्रणालीत कायमचा कोरून ठेवू नये, तो ज्या तारखेपासून लागू होईल त्या तारखेसह ठेवावा. नाहीतर मागच्या वर्षाचा हिशेब आजच्या नियमाने पुन्हा मांडला जातो आणि जुन्या पावत्या व नवी शिल्लक यांचा मेळ बसत नाही.

आपल्या तंत्रज्ञाची शिल्लक 9 दिवस आहे. त्याने दिवाळीसाठी 4 दिवसांचा आणखी एक अर्ज आधीच केला आहे आणि तो अजून मंजूर व्हायचा आहे. काही प्रणाली मंजुरीच्या प्रतीक्षेतले दिवस लगेच राखून ठेवतात. त्यांच्यात त्याला आता 5 दिवसच शिल्लक दिसतील आणि सहा दिवसांचा अर्ज तिथेच थांबेल. काही प्रणाली मंजुरी मिळेपर्यंत काहीच वजा करत नाहीत. त्यांच्यात दोन्ही अर्ज आत जातील, आणि जो नंतर मंजूर व्हायला येईल तो एक दिवस कमी पडल्यामुळे अडेल किंवा एक दिवस बिनपगारी होईल. माझ्या मते दिवस राखून ठेवणेच योग्य, कारण कमी पडणारा दिवस माणसाला अर्ज करतानाच कळतो. एसटीचे आरक्षण झाल्यावर, निघायच्या दोन दिवस आधी कळलेला नकार फारच जड जातो.

समजा त्याने दिवाळीचा अर्ज एका दिवसाने कमी केला आणि गणपतीचा सहा दिवसांचा अर्ज 8 ऑगस्टला पाठवला. तेव्हाच्या कायद्याने अशा रजेसाठी निदान 15 दिवस आधी लेखी अर्ज लागत असे. 26 ऑगस्टच्या रजेसाठी ती मर्यादा 11 ऑगस्टला संपते, म्हणजे त्याचा अर्ज वेळेत आहे. याच ठिकाणी मंजुरीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या कायद्यात नियमात बसणारा आणि वेळेत आलेला अर्ज वरिष्ठाला केवळ आपल्या मर्जीने नाकारता येत नव्हता. काम अखंड चालावे म्हणून रजा कोणाला कधी द्यायची याची रीतसर योजना आधी ठरवून दाखल केलेली असेल, तर त्या योजनेनुसारच नकार देता येत असे. बॉयलर, सांडपाणी प्रक्रिया, अग्निशमन ही कामे गणपतीतही चालू ठेवावी लागतात, तेव्हा अशा योजनेची गरज खरीच आहे. पण प्रणालीत ‘नामंजूर’ हे बटण दाबताना कारण भरणे सक्तीचे असावे, आणि ते कारण मोकळ्या मजकुराऐवजी ठरलेल्या यादीतून निवडता यावे.

यादीचा आग्रह धरण्यामागे एक ठोस कारण आहे. योजनेनुसार नाकारलेली रजा कामगाराला कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते, असे कायदा सांगतो. 30 दिवसांची मर्यादा तिला लागत नाही. वर्षअखेरीला प्रणाली मात्र 30 दिवसांवरची सगळी रजा आपोआप रद्द करते, कारण नाकारलेले दिवस कोणते आणि नुसते न वापरलेले कोणते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. नकाराचे कारण ठरीव स्वरूपात नोंदलेले असेल तर ते दिवस वेगळे काढता येतात. जानेवारीत एखाद्या जुन्या कामगाराची शिल्लक बरोबर 30 वर येऊन थांबली असेल आणि मागच्या गणपतीत त्याचा अर्ज नाकारला गेला असेल, तर ते खाते हाताने तपासावे.

आता मंजुरीचा मार्ग पाहू. अर्ज पाठवल्याबरोबर प्रणालीला एक नाव शोधावे लागते. ते तीन ठिकाणी सापडू शकते: कर्मचाऱ्याच्या नोंदीत थेट लिहिलेला रजा मंजूर करणारा, त्याच्या विभागाला नेमून दिलेला मंजूर करणारा, किंवा तो ज्याच्या हाताखाली काम करतो तो वरिष्ठ. ही तिन्ही नावे वेगवेगळी असली तर कोणते आधी धरायचे, हे प्रणाली बसवताना ठरलेले असते आणि नंतर सगळे ते विसरतात. एखाद्याची बदली झाली, वरिष्ठाचे नाव बदलले, पण त्याच्या नोंदीतले जुने थेट नाव तसेच राहिले, तर त्याचे अर्ज महिनोन्महिने जुन्या साहेबांकडे जात राहतात. शिवाय बहुतेक प्रणाली नाव शोधतात ते अर्ज पाठवण्याच्या क्षणी. नंतर नोंद दुरुस्त केली तरी आधीच निघालेला अर्ज जुन्याच माणसाकडे थांबून राहतो. तो मागे घेऊन पुन्हा पाठवावा लागतो किंवा प्रशासकाला हाताने दुसरीकडे वळवावा लागतो.

आपल्या तंत्रज्ञाचा अर्ज देखभाल प्रमुखांकडे योग्य रीतीने पोहोचला. सगळ्यांचे अर्ज येऊ देत, मग एकदम ठरवू, असा विचार करून त्यांनी तो ठेवून दिला, आणि हा विचार चुकीचाही नाही. मात्र ते स्वतः 25 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर रजेवर गेले. जाताना त्यांनी प्रणालीत दुसऱ्या पाळीच्या पर्यवेक्षकाला आपले मंजुरीचे अधिकार तात्पुरते सोपवले. सर्वांना वाटले, आता काही अडणार नाही. तरी 8 ऑगस्टचा अर्ज पर्यवेक्षकाला दिसलाच नाही, कारण त्या प्रणालीत सोपवलेला अधिकार त्या दिवसापासून पुढे येणाऱ्या अर्जांनाच लागू होता. आधीपासून पडून असलेले अर्ज प्रमुखांच्याच नावावर राहिले. प्रमुख गुहागरकडच्या एका वाडीत होते आणि तिथे फोनला धड नेटवर्क नव्हते. मोबाइलवरून मंजुरी देता येते म्हणून अधिकार सोपवण्याची गरज नाही, असे प्रणाली विकणारे सांगतात तेव्हा हे चित्र त्यांच्यासमोर ठेवावे.

याचा परिणाम पगारावर होतो. या रजेतले चार दिवस, म्हणजे 26, 28, 29 आणि 30, ऑगस्टमध्ये पडतात आणि उरलेले दोन सप्टेंबरमध्ये. ऑगस्टचा पगार सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काढला जातो. त्या वेळी रजेचा अर्ज प्रलंबित असेल तर हजेरीच्या नोंदीत ते चार दिवस नुसती गैरहजेरी दिसतात आणि तितका पगार कापला जातो. प्रमुख 4 तारखेला परत येऊन मंजुरी देतात, मग फरकाची रक्कम पुढच्या महिन्यात मिळते. सणाचा खर्च झालेल्या घराला त्या महिन्यात चार दिवसांचा पगार कमी आलेला असतो, आणि त्यात त्या माणसाची काहीही चूक नसते. यावर उपाय साधा आहे: पगार काढण्याआधी प्रलंबित रजांची यादी पाहिल्याशिवाय प्रणालीने पुढे जाऊच देऊ नये. अधिकार सोपवताना ‘आधीचे प्रलंबित अर्जही सोपवा’ असा पर्याय असेल तर तो निवडावा, आणि नसेल तर रजेवर जाणाऱ्याने आपला कप्पा रिकामा करूनच निघावे.

खर्चाचा दावा याच मार्गाने जातो, पण त्यात रकमेचा प्रश्न मिसळतो. तंत्रज्ञाचा ठाण्याचा खर्च असा झाला: खेड ते ठाणे आणि परत रेल्वेभाडे 620 रुपये, एका रात्रीचा लॉज 1,800, दोन दिवसांचा जेवणभत्ता 800, रिक्षा 380, आणि पंपासाठी तातडीने घेतलेले मेकॅनिकल सील 3,200. एकूण 6,800 रुपये. निघताना त्याने 5,000 रुपये आगाऊ उचलले होते. कंपनीच्या धोरणाप्रमाणे त्याच्या श्रेणीला लॉजसाठी रात्रीला 1,500 रुपयेच मिळतात, म्हणून दाव्यातले 300 रुपये कापले जातील आणि मंजूर रक्कम 6,500 होईल. आगाऊ रक्कम वळती केल्यावर त्याला प्रत्यक्ष मिळतील 1,500 रुपये.

म्हणजे एकाच दाव्यात तीन रकमा आहेत: मागितलेली 6,800, मंजूर 6,500 आणि देय 1,500. आता कंपनीचा नियम असा आहे की 5,000 रुपयांपर्यंतचा दावा विभागप्रमुखाने मंजूर करावा आणि त्यापुढचा कारखाना व्यवस्थापकाकडेही जावा. हा नियम प्रणालीत लिहिताना कोणती रक्कम घेतली, यावर सगळे अवलंबून आहे. देय रक्कम घेतली असेल तर हा दावा 1,500 चा ठरतो आणि व्यवस्थापकांपर्यंत पोहोचतच नाही. जितकी आगाऊ रक्कम मोठी तितकी तपासणी कमी, असा उलटा प्रकार त्यातून होतो. फ्रॅपे एचआर या मुक्तस्रोत प्रणालीत मार्गाची अट लिहायची झाली तर ती मागितलेल्या रकमेवर लिहावी:

```
doc.total_claimed_amount > 5000
```

दुसरी कोणतीही प्रणाली असली तरी तत्त्व हेच: मार्ग ठरवणारी रक्कम ही आगाऊ वजा होण्यापूर्वीची आणि काटछाट होण्यापूर्वीची असावी. आपल्याकडे काय लिहिले आहे हे पाहायला कागदपत्रे उकरण्याची गरज नाही. मर्यादेच्या थोडा वरचा आणि मोठी आगाऊ रक्कम जोडलेला एक दावा चाचणीच्या प्रणालीत भरून पाहावा. तो एकाच मंजुरीत संपला तर अट चुकली आहे. खऱ्या नोंदींत आणखी एक खूण शोधावी. एकाच माणसाचे, एकाच दौऱ्याचे, दोन दिवसांच्या अंतराने आलेले दोन दावे, आणि त्यातला एक मर्यादेच्या जरासा खाली. अशी जोडी कधी बिल उशिरा सापडल्यामुळे होते तर कधी मुद्दाम केलेली असते. दाव्याला दौऱ्याचा क्रमांक जोडणे सक्तीचे केले की दोन्ही दावे शेजारी दिसतात आणि मर्यादा दौऱ्याच्या एकूण रकमेवर लावता येते.

मेकॅनिकल सीलची ओळ वेगळी वागवावी लागते. तो प्रवासखर्च नव्हे, दुरुस्तीचा माल आहे. सगळा दावा प्रवासखर्चाच्या खात्यात गेला तर देखभालीचा खर्च कमी आणि प्रवासाचा जास्त दिसतो, आणि सील भांडारात आलेच नाही अशी साठ्याची नोंद राहते. म्हणून मंजुरी ओळीनुसार असावी, आणि अशी ओळ भांडारप्रमुखाच्या नजरेखालून जावी.

मंजुरीच्या पायऱ्या किती असाव्यात यावर माझे मत ठाम आहे: जितके वेगळे प्रश्न, तितक्याच पायऱ्या. दौरा गरजेचा होता का, हे विभागप्रमुखाला कळते. बिल खरे, धोरणात बसणारे आणि योग्य खात्यातले आहे का, हे लेखा विभागाला कळते. एवढी रक्कम खर्च करण्याचा अधिकार कोणाचा, हे व्यवस्थापक पाहतात. यापलीकडे आणखी दोन साहेबांची नावे जोडली की त्यांच्यापुढे नवा प्रश्नच नसतो, आणि ते आधीच्या सहीवर विसंबून सही करतात.

आपल्या तंत्रज्ञाने दावा 25 ऑगस्टला भरला. तो नवा असल्यामुळे पर्यवेक्षकाला दिसला आणि मंजूर झाला. मग व्यवस्थापकांकडून तो लेखा विभागात पोहोचला आणि तिथून परत आला, कारण सीलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नव्हता. तो नसला तर कंपनीला त्या खरेदीवरचा कर वजा करून घेता येत नाही. अशा वेळी दावा किती मागे जातो, हेही आधी ठरवावे लागते. काही प्रणाली परत पाठवलेला दावा पुन्हा पहिल्या पायरीपासून चालवतात, म्हणजे केवळ दुरुस्त बिल जोडण्यासाठी आधीच्या दोघांच्या मंजुऱ्या पुन्हा लागतात. रक्कम बदललेली नसेल तर दावा थेट परत पाठवणाऱ्याकडे जावा, आणि रक्कम वाढली असेल तर मार्ग पहिल्यापासून सुरू व्हावा. दुकानदाराकडून दुरुस्त बिल मागवून दावा पूर्ण झाला, तेव्हा लेखा नोंद झाली ती 6,500 रुपये खर्च, 5,000 रुपयांची आगाऊ रक्कम फिटली आणि 1,500 रुपये कर्मचाऱ्याला देणे, अशी. ऑगस्टच्या दमट हवेत खिशात भिजलेले उष्णतेवर छापलेले बिल आठवड्याभरात पुसट होते, तेव्हा बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून दाव्याच्या मसुद्याला जोडून ठेवणे कोकणात फार उपयोगी पडते.

अधिकार सोपवण्यात आणखी एक बारकावा आहे. या आठ-दहा दिवसांत पर्यवेक्षकाने स्वतःचा खर्चाचा दावा भरला तर तो एरवी प्रमुखांकडे जाईल, आणि प्रमुखांचा अधिकार आता त्याच्याकडेच आहे. प्रणालीने हे ओळखले नाही तर माणूस स्वतःचेच बिल मंजूर करतो. अर्जदार आणि मंजूर करणारा एकच निघाला तर अर्ज एक पायरी वर, मूळ अधिकारी ज्याच्या हाताखाली आहे त्याच्याकडे जावा, असा नियम असला पाहिजे. प्रमुखांनी पर्यवेक्षकाला आणि पर्यवेक्षकाने आपल्या रजेत पुन्हा प्रमुखांना अधिकार दिले तर अर्ज दोघांमध्ये फिरत राहतो किंवा कोणाच्याच कप्प्यात दिसत नाही. म्हणून सोपवलेला अधिकार पुढे दुसऱ्याला सोपवता येऊ नये.

ठरावीक दिवस उत्तर न आल्यास अर्ज आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे नेण्याची सोयही असते. ती चालू करताना दिवस कामाचे मोजायचे की कॅलेंडरचे, हे तपासावे. कॅलेंडरचे तीन दिवस धरले तर चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळचे सगळे अर्ज सण संपायच्या आत व्यवस्थापकांच्या कप्प्यात जाऊन पडतात. उत्तर आले नाही म्हणून अर्ज आपोआप मंजूर करण्याचा पर्याय काही ठिकाणी दिसतो. रजेसाठी तो एक वेळ चालेल, पैशांच्या दाव्यासाठी तो कधीही चालू करू नये.

श्रावण सुरू झाला की मनुष्यबळ विभागाने प्रणालीतून एक यादी काढावी: प्रलंबित असलेला प्रत्येक अर्ज, तो सध्या कोणाच्या नावावर थांबला आहे, आणि ती व्यक्ती पुढच्या पंधरवड्यात स्वतः रजेवर आहे का किंवा नोकरी सोडून गेली आहे का. पुढे 20 ऑगस्टच्या सुमारास आणि पगार काढण्याच्या आदल्या दिवशी हीच यादी पुन्हा काढली असती, तर आपल्या तंत्रज्ञाचे ते चार दिवस तिच्यात दोन्ही वेळा दिसले असते.